रक्त कमी, तरी श्वास शांत

नाशिकचा एक धडधाकट तरुण सकाळच्या विमानाने लेहला उतरला आहे, असं समजू. हॉटेलच्या दोन जिने चढून जाईपर्यंत त्याला धाप लागते. खोलीत जाऊन पलंगावर नुसता बसला तरी त्याचा श्वास घरच्यापेक्षा जरा खोल आणि जलद चाललेला असतो. त्याच वेळी लातूरकडच्या एका गावात चाळिशीतल्या एक बाई ओसरीवर बसून शेंगा सोलत आहेत. गेली काही वर्षं त्यांच्या अंगावरून पाळीत फार जातं. थकवा आहे, पायात गोळे येतात, पण बायकांना असतंच म्हणून घरात कुणी ते फारसं मनावर घेतलेलं नाही. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 6 निघेल. बसल्या जागी त्यांचे श्वास मोजले, तर मिनिटाला पंधरा-सोळा भरतील. अगदी निरोगी माणसाइतकेच.

आता या दोघांच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे त्याचा हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं, तर सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. तरुणाचं हिमोग्लोबिन 15 आहे, म्हणजे त्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 20 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. लेहच्या विरळ हवेत त्याचं हिमोग्लोबिन साधारण 88 टक्केच भरतं, म्हणून त्याच्याकडे 18 मिलिलिटरच्या आतबाहेर ऑक्सिजन आहे. बाईंचं हिमोग्लोबिन 98 टक्के भरलेलं आहे, पण मुळात ते आहेच 6 ग्रॅम. त्यांच्या 100 मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन जेमतेम 8 मिलिलिटर.

ज्याच्याकडे 18 आहे त्याचा श्वास वाढला आणि जिच्याकडे 8 आहे तिचा वाढला नाही. श्वासाचं काम ऑक्सिजन आणायचं असेल, तर हे उलटं दिसतं. पण शरीर इथे चुकलेलं नाही. श्वासाची गती ठरवणारं जे इंद्रिय आहे, ते नेमकं काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे कळलं की कोडं सुटतं.

हे इंद्रिय मानेत असतं. छातीतून वर येणारी मोठी धमनी जबड्याच्या कोनाखाली, स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या पातळीला, दोन फाट्यांत विभागते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. नाडी पाहायला आपण मानेवर बोटं ठेवतो, त्याच्या जरा वर ही जागा येते. या दुभंगाच्या मागच्या बाजूला, धमनीच्या भिंतीला चिकटून, तपकिरी-लालसर रंगाची एक छोटी गाठ असते. तिची लांबी जेमतेम पाच मिलिमीटर आणि वजन काही मिलिग्रॅम. डावीकडे एक, उजवीकडे एक. हिलाच कॅरोटिड बॉडी म्हणतात. शवविच्छेदनात विद्यार्थ्यांना ती शोधून काढायला लावली, तर बहुतेकांच्या हातून आजूबाजूच्या चरबीबरोबर ती खरवडून जाते. इतकी ती नगण्य दिसते. अठराव्या शतकापासून शरीरशास्त्रज्ञांना ती ठाऊक होती, पण पुढचं दीड शतक बहुतेकांनी तिला एखादी ग्रंथी समजून सोडून दिलं.

तिचं खरं काम पहिल्यांदा ओळखलं ते माद्रिदच्या फर्नांडो दे कास्त्रो यांनी. ते थोर मज्जाशास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांचे शिष्य. 1920 च्या दशकात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या गाठीकडे जाणारे मज्जातंतू बारकाईने तपासले. ते आज्ञा घेऊन येणारे नसून संवेदना घेऊन जाणारे आहेत, असं त्यांना दिसलं. त्यावरून त्यांनी तर्क मांडला, की ही गाठ रक्तातल्या रासायनिक बदलांची चव घेत असावी. बेल्जियममधल्या गेंट इथे कॉर्नेल हेमन्स यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते सिद्ध केलं. मानेतला हा भाग रक्ताभिसरणापासून वेगळा काढायचा, मेंदूकडे जाणारा मज्जातंतू मात्र शाबूत ठेवायचा, आणि त्या भागातून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त खेळवायचं. मेंदूला चांगलं रक्त मिळत असूनही कुत्र्याचा श्वास वाढला. हेमन्सना 1938 सालचं नोबेल मिळालं. दे कास्त्रोंचं नाव त्यात नव्हतं. मला हा अन्याय वाटतो, कारण कुठे शोधायचं हे त्यांनी दाखवलं होतं.

आता मूळ प्रश्न. ही गाठ ऑक्सिजन ओळखते, तर बाईंच्या रक्तातली तूट तिला का कळत नाही?

रक्तात ऑक्सिजन दोन रूपांत असतो. बहुतेक सगळा हिमोग्लोबिनला चिकटलेला असतो. अगदी थोडा, 100 मिलिलिटरमागे 0.3 मिलिलिटर, रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला असतो. दाब म्हणतात तो या विरघळलेल्या, मोकळ्या ऑक्सिजनचा. हिमोग्लोबिनने धरून ठेवलेला ऑक्सिजन दाब निर्माण करत नाही. पेशींत शिरतो तो मोकळा ऑक्सिजन, आणि तो जसा खर्च होईल तसा हिमोग्लोबिन आपल्याकडचा सोडून त्याची जागा भरत राहतं. फुप्फुसातल्या हवेत ऑक्सिजनचा दाब साधारण 100 मिलिमीटर पारा असतो. तिथून जाणाऱ्या रक्तातल्या मोकळ्या ऑक्सिजनचा दाबही जवळपास तेवढाच होतो. रक्तात हिमोग्लोबिन 15 असो की 6, या दाबात फरक पडत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर फुप्फुसातून कमी ऑक्सिजन उचलला जाईल, एवढंच.

गच्चीवरच्या पाण्याच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणा. एक रुंद, हजार लिटरची. दुसरी तितकीच उंच, पण अरुंद, चारशे लिटरची. दोन्ही काठोकाठ भरलेल्या आहेत. तळाशी दाब मोजायचं यंत्र लावलं तर दोन्हीकडे एकच आकडा दिसेल, कारण तळाचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, किती लिटर आहे यावर नाही. बाई म्हणजे भरलेली अरुंद टाकी. लेहमधला तरुण म्हणजे रुंद टाकी, पण तिच्यातल्या पाण्याची उंची घटलेली. तिथे हवेचाच दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणून त्याच्या धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब 55 मिलिमीटरच्या घरात उतरतो. त्याच्याकडे पाणी जास्त आहे, पण तळाचं यंत्र कमी दाब दाखवतं.

कॅरोटिड बॉडी हे तळाचं यंत्र आहे. पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. अरुंद टाकीला मोठा नळ लावून सोडला, तर तिची पातळी भराभर उतरेल, आणि थोड्या वेळाने यंत्रावरही ते दिसेल. कॅरोटिड बॉडी ही जिवंत पेशींची गाठ आहे. ती स्वतः ऑक्सिजन खाते. मग रक्त तिच्यातून जाताना त्यातला ऑक्सिजन घटून, बाईंच्या बाबतीत तरी, दाब खाली यायला हवा होता. मेंदूत असंच होतं. मेंदूच्या दर 100 ग्रॅमला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळतं, आणि त्या रक्तातून तो दर 100 मिलिलिटरमागे सहा-सात मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतो. बाईंकडे असलेल्या आठांतून इतके गेले तर उरणार काय? म्हणून अशा वेळी मेंदूला रक्ताचा पुरवठाच वाढवावा लागतो.

या गाठीचं वेगळेपण इथे आहे. 1954 मध्ये डॅली, लॅम्बर्टसन आणि श्वाइट्झर या शास्त्रज्ञांनी मांजराच्या कॅरोटिड बॉडीतून किती रक्त वाहतं ते मोजलं. वजनाच्या मानाने आकडा निघाला दर 100 ग्रॅमला मिनिटाला 2000 मिलिलिटर. मेंदूच्या चाळीसपट. ऑक्सिजनचा खर्च मात्र तेवढ्याच वजनाला मिनिटाला फक्त 9 मिलिलिटर. भागाकार केला, तर दर 100 मिलिलिटर रक्तातून ही गाठ अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी ऑक्सिजन घेते. तिच्या गरजेचा मोठा भाग नुसत्या विरघळलेल्या 0.3 मिलिलिटरमधूनच भागतो, हिमोग्लोबिनच्या साठ्याला फारसा हात लावावा लागत नाही. नंतरच्या मोजमापांत हे आकडे खाली-वर झाले, पण प्रवाह प्रचंड आणि खर्च त्या मानाने अल्प, हे नातं कायम राहिलं. टाकी अरुंद असो की रुंद, इथला नळ थेंब-थेंब गळतो. त्यामुळे गाठीच्या आतला दाब धमनीतल्या दाबापासून फारसा ढळत नाही, आणि तिला जे कळतं ते धमनीतल्या दाबाबद्दल असतं, साठ्याबद्दल नसतं.

गाठीच्या आत काय घडतं तेही थोडक्यात पाहू. तिच्या मुख्य पेशींच्या आवरणात पोटॅशियम बाहेर जाऊ देणारी सूक्ष्म दारं असतात. ऑक्सिजनचा दाब घटला की ही दारं मिटतात. त्यामुळे पेशीवरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी शेजारच्या मज्जातंतूच्या टोकावर संदेशवाहक रसायनं सोडते. तो तंतू मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी नवव्या जोडीतून वर जातो आणि मेंदूच्या देठातल्या श्वासकेंद्राला खबर देतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. दाब 100 वरून 60 पर्यंत उतरेतो ही खबर हळूहळूच वाढते. 60 च्या खाली मात्र ती एकदम चढते. हिमोग्लोबिनचं वागणंही याला जुळणारं आहे. दाब 100 असताना ते 98 टक्के भरलेलं असतं, 60 ला 90 टक्के, आणि तिथून पुढे झपाट्याने रिकामं होऊ लागतं. म्हणजे घसरण सुरू होते त्याच वळणावर गाठीचा आवाज चढतो.

पेशीला दाब कळतो तो बहुधा तिच्यातल्या ऑक्सिजन जाळणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांमार्फत. सायनाइड या विषाने ते जाळणंच थांबतं. अशा वेळी रक्तात ऑक्सिजन भरपूर असला तरी कॅरोटिड बॉडी जोरात ओरडते आणि माणूस खोल श्वास घेऊ लागतो. 1930 च्या सुमारास काही डॉक्टर हृदयरोग्यांच्या हाताच्या शिरेत सायनाइडची अतिअल्प मात्रा देऊन, रोगी दचकून श्वास घेईपर्यंत किती सेकंद जातात ते मोजत, आणि त्यावरून रक्त हातापासून मानेपर्यंत पोचायला लागणारा वेळ काढत. आज अंगावर काटा येतो, पण गाठ किती चटकन जागी होते, हे यातून दिसतं.

मग वाटेल, की साठाही मोजणारं यंत्र श्वासावर का नाही बसवलं? बाईंना त्याचा उपयोग झाला नसता का?

करून पाहू. बाईंनी श्वास दुप्पट केला असं धरा. फुप्फुसातला ऑक्सिजनचा दाब 100 वरून 120 च्या थोडा पलीकडे जाईल. हिमोग्लोबिन 98 टक्के भरलेलंच होतं, ते फार तर 99 टक्के होईल. विरघळलेला ऑक्सिजन किंचित वाढेल. सगळं मिळून 100 मिलिलिटर रक्तात साधारण 0.2 मिलिलिटरची भर. आठाचे आठ पूर्णांक दोन. आणि त्याची किंमत? श्वासाच्या स्नायूंना जास्त काम, म्हणजे ऑक्सिजनचा जास्त खर्च. शिवाय श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, रक्त अल्कधर्मी होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडायला कुरकुरतं. मेंदूच्या देठात कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवणारी वेगळी व्यवस्था आहे, ती या धापेला लगेच आळा घालेल. फुप्फुसं जे काम आधीच पुरं करत आहेत, ते त्यांच्याकडून दुप्पट करवून घेण्यात काही मिळत नाही. लेहमधल्या तरुणाचं तसं नाही. त्याने श्वास वाढवला की फुप्फुसातला कार्बन डायऑक्साइड घटतो, तिथे ऑक्सिजनला जागा होते, धमनीतला दाब खरोखर वर येतो. श्वासाने जी तूट भरून निघते, तीच श्वासाच्या पहारेकऱ्याला दिसते. या विषयातलं मला सगळ्यात देखणं वाटतं ते हेच.

बाईंची तूट भरायचं काम मग कोण करतं? पहिलं हृदय. विश्रांतीत शरीराला मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. निरोगी माणसात हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं, आणि पेशी दर 100 मिलिलिटरमधून 20 पैकी 5 काढून घेतात. बाईंचं हृदय समजा सात लिटर फिरवू लागलं, तर दर 100 मिलिलिटरमधून साडेतीनच्या आसपास काढले की भागतं. आठातून साडेतीन गेले, साडेचार उरले. पण परतीच्या रक्तातलं हिमोग्लोबिन एरवी 75 टक्के भरलेलं असतं, ते आता 55 टक्क्यांवर आलं, आणि तिथला दाब 40 ऐवजी 30 च्या आसपास. तांबड्या पेशींत डीपीजी नावाचं एक रसायन वाढतं, त्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजन जरा सैल हाताने सोडतं, याचीही मदत होते. या सगळ्यात तूट आहे ती शिरांकडच्या बाजूला, पेशींच्या दारात. धमनीच्या बाजूला सगळं ठीकठाक दिसतं, आणि कॅरोटिड बॉडी बसलेली आहे ती धमनीच्या बाजूला.

दुसरं काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंडालाही रक्त भरपूर मिळतं, पण क्षार परत शोषून घ्यायच्या मेहनतीत आतल्या थरांत ऑक्सिजन बराच खर्च होतो. तिथल्या पेशी मोठ्या नळाच्या शेजारी बसल्या आहेत, म्हणून अरुंद टाकीची पातळी उतरली की त्यांना ते लगेच कळतं. त्या एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात, आणि हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायची आज्ञा जाते. कमी ऑक्सिजनला पेशी कसा प्रतिसाद देतात, याच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या शोधाची सुरुवात याच संप्रेरकापासून झाली होती. आपल्या बाईंच्या रक्तात ही आज्ञा नेहमीच्या कैक पटींनी फिरत असेल. पण दर महिन्याला लोह वाहून जातं आहे, मगजाला कच्चा माल नाही, आणि आज्ञा तशीच पडून राहते.

छातीत हृदयाजवळच्या मोठ्या धमनीच्या कमानीवर कॅरोटिड बॉडीसारख्याच आणखी काही बारीक गाठी असतात. मूळचे बंगालचे आणि पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात काम केलेले सुखमय लाहिरी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर दाखवलं, की दाब तोच ठेवून रक्तातला ऑक्सिजनचा साठा घटवला, तर या छातीतल्या गाठी मानेतल्या गाठींपेक्षा कितीतरी जास्त जाग्या होतात. त्यांच्या कामाच्या मानाने त्यांना मिळणारं रक्त कमी असावं, असा याचा अर्थ लावला जातो. पण त्यांची खबर श्वासापेक्षा हृदय आणि रक्तदाब यांच्याकडे जास्त जाते. माणसाच्या श्वासावर कमी ऑक्सिजनचा जो परिणाम होतो, तो जवळजवळ सगळा मानेतल्या दोन गाठींमुळेच. दम्यावरचा उपाय म्हणून एके काळी, मुख्यतः जपानमध्ये, अनेक रोग्यांच्या या गाठी काढून टाकल्या गेल्या. दोन्ही बाजूंच्या काढलेल्यांची पुढे तपासणी झाली, तेव्हा कमी ऑक्सिजनची हवा दिली तरी त्यांचा श्वास वाढत नसे.

पहारेकऱ्याची ही मर्यादा ॲनिमियात सहसा निरुपद्रवी असते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ती जिवावर बेतते. बंद न्हाणीघरात लावलेला गॅस गीझर, किंवा थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत पेटती ठेवलेली कोळशाची शेगडी, यांतून हा वायू निर्माण होतो. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. अर्धं हिमोग्लोबिन त्याने अडवलं, तर साठा अर्ध्यावर येतो, आणि उरलेलं हिमोग्लोबिनही आपल्याकडचा ऑक्सिजन घट्ट धरून बसतं. धमनीतला मोकळा ऑक्सिजन मात्र जसाच्या तसा असतो, दाब 100 च्या आसपास. म्हणून कॅरोटिड बॉडी गप्प. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, तो खिडकीकडे धावत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, पायातलं त्राण जातं, आणि दार उघडायचं सुचेपर्यंत शुद्ध हरपते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसतो, कारण या वायूने रंगलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. स्कॉटिश शास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी 1890 च्या दशकात स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम टिपले, आणि खाणीत छोटे प्राणी नेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवावं असं सुचवलं. ज्याची चाहूल माणसाच्या श्वासाला लागत नाही, त्यासाठी माणसापेक्षा लवकर कोसळणारा जीव सोबत हवा होता.

ऑक्सिमीटरचं ॲनिमियातलं वागणंही समजून घ्यायला हवं. कोविडच्या काळात तो घरोघरी आला, आणि 98 दिसलं की सगळं आलबेल, असं आपल्या मनात बसलं. तो आकडा आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के भरलंय ते सांगतो. हिमोग्लोबिन किती आहे, हे तो सांगत नाही. आपल्या बाईंच्या बोटाला लावला तर 98 दाखवेल, आणि ते खरंच असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 54 टक्के, स्त्रियांचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्यांच्यातल्या फार थोड्यांचं 6 इतकं खाली असतं. पण त्यांच्यापैकी एकीचीही तूट ऑक्सिमीटर किंवा श्वासांची गती यांवरून कळणार नाही. कळते ती इतर खुणांवरून. बसल्या जागी नाडी 95-100, थोडं चाललं की छातीत धडधड, डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली तर आतला भाग गुलाबी असायच्या ऐवजी पांढुरका, जीभ गुळगुळीत. आणि या खुणाही चकवतात, म्हणून शेवटी रक्ताची साधी तपासणीच करावी लागते. ती कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

तरी ॲनिमियात दम लागतो हे लोकांचं म्हणणं खोटं नाही. तो लागतो चढताना, कळशी उचलताना, धावताना. तेव्हा स्नायूंची ऑक्सिजनची मागणी दहापट होते, वाढवायला हृदयाकडे फारसं उरलेलं नसतं, आणि स्नायू ऑक्सिजनविना काम चालवून लॅक्टिक आम्ल रक्तात सोडतात. कॅरोटिड बॉडीला आम्लही कळतं. श्वास वाढतो तो या आम्लामुळे, आणि त्या वाढलेल्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊन आम्लता खरोखर कमी होते.

रक्त एकाएकी गेलं, तर मात्र चित्र वेगळं असतं. अपघातात किंवा बाळंतपणात लिटर-दीड लिटर रक्त गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन पहिल्या तासात 11-12 सुद्धा दिसू शकतं, कारण पेशी आणि पाणी बरोबरीनेच गेलेले असतात. तिचे श्वास मात्र मिनिटाला 25-30 होतात. इथे रक्तदाब कोसळतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, कॅरोटिड बॉडीचा तो प्रचंड प्रवाहच आटतो. प्रवाह आटला की तिचा अल्प खर्चही भारी पडतो, आतला दाब उतरतो आणि ती ओरडू लागते. आम्ल वाढलेलं असतंच. हिमोग्लोबिन 6 असून शांत श्वास घेणारी बाई आणि 12 असून धापा टाकणारी बाई शेजारच्या खाटांवर असतील, तर डॉक्टर आधी दुसरीकडे धावतात.

आणि जुना ॲनिमिया असलेला रोगी बसल्या जागी किंवा आडवा पडल्यावर धापा टाकू लागला, तर त्याचा अर्थ हिमोग्लोबिन आणखी थोडं उतरलं, एवढाच घेऊन चालत नाही. बहुतेकदा हृदय थकलेलं असतं. महिनोन् महिने जादा रक्त फिरवून ते मागे पडतं, फुप्फुसात पाणी साचू लागतं, आणि आता धमनीतला दाबही खरोखर घटतो. ऑक्सिमीटरचा आकडा 98 वरून खाली येतो, पायांवर सूज दिसते, रोग्याला उशा रचून बसावं लागतं. अशा वेळी नातेवाईक घाईने दोन-तीन बाटल्या रक्त एकदम चढवा म्हणतात, आणि त्यांची तळमळ समजण्यासारखी असते. पण शिगोशीग भरलेल्या रक्ताभिसरणात भराभर रक्त ओतलं, तर फुप्फुसातलं पाणी वाढून रोगी दगावू शकतो. म्हणून एका वेळी एकच पिशवी, तीही प्लाझ्मा काढून घट्ट केलेल्या तांबड्या पेशींची, तीन ते चार तास लावून सावकाश देतात, बरोबर लघवी वाढवणारं औषध देतात, आणि नर्स दर थोड्या वेळाने येऊन श्वास मोजते.